मदत हवी आहे: एबिटडा 100, तरी रोकड उणे. कर्जदाते मग हाच आकडा का धरतात?

यंत्रांवर चालणाऱ्या एका कंपनीचा ताळेबंद तपासतोय. आकडे कोटींत. एबिटडा 100. त्यातून घसारा 45, व्याज 35 आणि कर 5 वजा जाता निव्वळ नफा 15. इथवर ठीक.

पण जुनी यंत्रं बदलायला दरवर्षी खरोखर 50 लागतात आणि यंदा उधारीत आणखी 20 अडकले. एबिटडातून व्याज, कर आणि हे दोन्ही वजा केले की उरतात उणे 10! रोख प्रवाहाचं पत्रकही तेच सांगतं, म्हणजे बेरीज चुकलेली नाही. यात एकरकमी खर्च-उत्पन्न काही नाही, भाडेपट्टेही नाहीत.

कर्ज 350 आहे. कर्जाच्या करारात मात्र अट एवढीच, की कर्ज एबिटडाच्या 4 पटींच्या आत हवं. ती आरामात पाळली जाते. घसाऱ्याची पद्धत आणि कर्जाचं प्रमाण वेगळं असलेल्या कंपन्यांची तुलना सोपी होते, हे पटतं. पण घसारा रोख जात नसला तरी यंत्रं झिजतातच ना?

कर्ज देणाऱ्या बाजूने काम केलेल्यांनी सांगावं: अशा कंपनीत व्याज फेडण्याची ताकद तुम्ही एबिटडावर मोजता, की त्यातून आधी यंत्रबदलीचा खर्च वजा करता?