पुणे, नाशिक, कोल्हापूर, पणजी : बिलांची मालिका एकच ठेवावी की शाखागणिक वेगळी?

पंपवाला : आमचा शेतीपंप आणि सुट्या भागांचा घाऊक धंदा आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर एकाच जीएसटी नंबरखाली, पणजीचा नंबर वेगळा. आतापर्यंत प्रत्येक शाखेचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, आता १ एप्रिलपासून सगळं एका डेटाबेसवर आणतोय. बिल नंबर `PUNE/INV/2026-27/00123` असा ठरवलाय. सीए म्हणतात, महाराष्ट्राची एकच सलग मालिका ठेवा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, शाखागणिक ठेवा. कोल्हापूरचं नेट अधूनमधून दोन-दोन तास जातं. कोणाचं ऐकू?

जमाखर्च : सीएंचं ऐका. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये, तक्ता १३ ला, बिलं कुठून कुठपर्यंत, एकूण किती, रद्द किती हे भरावं लागतं. मालिका एक असेल तर एका ओळीत काम होतं. सात मालिका असल्या की सात ओळी जुळवत बसायचं, आणि एक जरी राहिली तरी नोटिशीला आमंत्रण. शिवाय नियमातच ‘सलग क्रमांक’ म्हटलंय. सलग म्हणजे एकच रांग.

कळफलक : याला एवढी चर्चा कशाला? पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सिक्वेन्स, म्हणजे आपोआप वाढणारा आकडा, बनवा आणि `nextval` ने पुढचा नंबर घ्या. एकाच वेळी पन्नास जणांनी बिल केलं तरी एक नंबर दोघांना जात नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

रोजमेळ : पंपवाले, आधी तुमचा नंबरच बदला. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, तुमचा २२ चा झालाय. `PUN/2627/000123` करा, १५ मध्ये बसतो. अक्षरं, आकडे, `-` आणि `/` एवढंच चालतं. सुरुवात शून्याने किंवा या चिन्हांनी केली तर ई-इनव्हॉइसचं पोर्टल नंबर घेत नाही.

जमाखर्चसाहेब, त्याच नियमात ‘एका किंवा अनेक मालिकांमध्ये’ असंही लिहिलंय. अट एवढीच, की क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा. म्हणजे शाखागणिक मालिका पूर्ण कायदेशीर आहे. आता प्रश्न उरतो तो सोय कशात आहे याचा.

आणि कळफलक, सिक्वेन्सचं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं. नंबर दोनदा येणार नाही, हे कबूल. पण मध्येच गळेल. नाशिकचा माणूस बिल करतो, `nextval` ४१२ देतो, पुढच्याच पायरीला साठा कमी निघतो आणि अख्खा व्यवहार मागे फिरतो. बिल मागे फिरलं तरी सिक्वेन्स मागे फिरत नाही. पुढचं बिल ४१३. ऑडिटर विचारतो, ४१२ कुठंय? दाखवायला रद्द केलेलं बिलसुद्धा नाही, कारण ते बिल कधी जन्मलंच नव्हतं.

कळफलक : मान्य, पण सिक्वेन्स बनवलेच आहेत वेगासाठी. तुम्ही मोजणीचा आकडा टेबलात ठेवलात, तर प्रत्येक बिल त्या एका ओळीवर कुलूप लावणार. सगळे काउंटर एकमेकांची वाट बघत बसतील.

रोजमेळ : वाट बघू देत, काही मिलिसेकंदांची आहे. फक्त नंबर घेण्याची पायरी शेवटी ठेवायची. बिल कच्चं असताना त्याला आतला आयडी असतो, तो कितीही गळू दे, कोणी विचारत नाही. साठा तपासला, कर काढला, ग्राहक ठरला, मग ‘पक्कं करा’ दाबल्यावर त्याच व्यवहारात हे :

```sql
UPDATE bill_series
   SET last_no = last_no + 1
 WHERE series_code = 'NSK' AND fy = '2627'
RETURNING last_no;
```

लगेच तो नंबर बिलाला लावून `COMMIT`, म्हणजे व्यवहार कायम. मध्ये काही बिघडलं तर बिलाबरोबर `last_no` पण मागे जातो आणि पुढच्याला तोच नंबर मिळतो. बिलांच्या टेबलावर जीएसटी नंबर, वर्ष आणि बिल नंबर यांची `UNIQUE` अट हवीच. कोणी `MAX(bill_no) + 1` असं लिहिलं, तर दोन काउंटर एकाच क्षणी तोच आकडा वाचतात. तेव्हा निदान ही अट दुसऱ्याला अडवते.

ट्रॅक्टरदादा : आमचे खताचे दोन काउंटर आहेत. आम्ही अजून छापील बिलबुकं वापरतो. १ ते ५०० एकाला, ५०१ ते १००० दुसऱ्याला. कधी घोळ झाला नाही. तुम्ही पण कोल्हापूरला हजार नंबरांचा गठ्ठा देऊन टाका की. नेट असो नसो.

जमाखर्च : दादा, मार्चअखेर दोन्ही बुकांत कोरी पानं उरतात त्यांचं काय करता? एकाच मालिकेत गठ्ठे वाटले की ६२० नंबरचं बिल ४ मेचं आणि १८० नंबरचं १९ मेचं निघतं. तारीख एकीकडे, नंबर दुसरीकडे.

ट्रॅक्टरदादा : कोऱ्या पानांवर आडवी रेघ मारून रद्द लिहितो.

रोजमेळ : छापील बुकाला ते ठीक, पान तरी हातात असतं. संगणकात न वापरलेला नंबर रद्द धरायचा, की प्रत्येक गठ्ठ्याची ओळ शेवटच्या वापरलेल्या नंबरावर संपवायची, यावर मी दोन सीएंकडून दोन मतं ऐकली आहेत. मी गठ्ठे टाळतो. कोल्हापूरची मालिकाच वेगळी ठेवली, तर उरण्याचा प्रश्नच येत नाही.

व्यापारीबाई : पण ई-इनव्हॉइसचं पोर्टल बिलाला ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन, देतंच ना? तो जगात एकमेव. मग आपण नंबरचा एवढा विचार कशाला करायचा?

रोजमेळ : ताई, आयआरएन तुमच्या नंबरातूनच तयार होतो. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांचा तो हॅश आहे. आपला नंबर चुकला की तोही चुकीचाच. शिवाय तो व्यवसायांमधल्या बिलांना लागतो, तोही उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर. किरकोळ ग्राहकाच्या बिलाला नंबर हीच ओळख.

आयआरएनचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात महागात पडणारी गोष्ट सांगतो. बिल `NSK/2627/000087` पोर्टलला पाठवलं, उत्तर यायच्या आत नेट तुटलं. काउंटरवरच्या माणसाला वाटतं गेलंच नाही. तो नवं बिल करतो, नंबर ८८. पोर्टलवर मात्र ८७ आधीच नोंदला गेलाय. एकाच विक्रीची दोन बिलं, दोनदा कर, आणि ग्राहकाच्या खात्यात दोनदा क्रेडिट दिसतं. अशा वेळी त्याच नंबराने तेच बिल परत पाठवायचं. आधी पोचलं असेल तर पोर्टल `2150` ही चूक देतं, म्हणजे हा आयआरएन आधीच निघालाय. ती चूक नव्हे, पोच समजायची आणि जुना आयआरएन बिलाला जोडायचा. म्हणूनच पोर्टलशी बोलणं `COMMIT` नंतर ठेवा. कुलूप लावून उत्तराची वाट बघत बसलात, तर मात्र कळफलक म्हणतात तशी रांग खरंच लागेल.

आणि रद्द करायचं तर २४ तासांत. नंतर क्रेडिट नोट. रद्द झालेला नंबर त्या वर्षात पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे ओळ डेटाबेसातून पुसू नका, स्थिती ‘रद्द’ करा.

जमाखर्च : हे सगळं पटलं, तरी माझा मूळ मुद्दा तसाच राहतो. मालिका जितक्या जास्त, तितकी लपवायला जागा जास्त. मी ऑडिटला गेलो की पहिल्यांदा हेच शोधतो : `KOP` दाखवली, पण `KOX` नावाची एक मालिका रिटर्नमध्ये कुठेच नाही. एकच मालिका असेल तर हा खेळ जमत नाही.

रोजमेळ : हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मालिका उघडण्याचा अधिकार शाखेला द्यायचाच नाही. `bill_series` मधली नवी ओळ फक्त मुख्य कार्यालय घालेल, कोणी आणि कधी घातली हे नोंदलं जाईल, आणि बिलातला कोड त्या टेबलाशी बांधलेला असेल. तक्ता १३ त्याच टेबलावरून काढा, म्हणजे एकही मालिका सुटणार नाही. त्या वर्षातली चालू आणि रद्द बिलं मिळून एकूण आकडा `last_no` शी जुळतो का, हे दर महिन्याला तपासा.

पण सामाईक मालिकेची दुसरी बाजू बघा. कोल्हापूरच्या व्यवस्थापकाच्या फाइलमध्ये १०१, १०४, १०९, ११० अशी बिलं येतात. १०२ नाशिकला गेलं, की त्याच्याच माणसाने फाडून टाकलं, हे त्याला त्याच्या खुर्चीवरून कळत नाही. शाखेची मालिका असेल तर १०१ नंतर १०३ दिसताच तो त्याच संध्याकाळी विचारेल. गळती तिथल्या तिथे पकडली गेली पाहिजे, वर्षाअखेरीस पुण्यात नाही.

जमाखर्च : तो आपल्या शाखेचा रिपोर्ट काढेल की. मी अजून एका मालिकेच्याच बाजूने आहे. नेट पक्कं असेल तर.

पंपवाला : नेट पक्कं नाही, तिथेच अडलंय. कोल्हापूरला स्थानिक मशीनवर बिलं करून नंतर पुण्याला चढवायची, असं ठरतंय. पणजीचा नंबर वेगळा, मग तिकडे कोड ठेवला नाही तरी चालेल ना?

रोजमेळ : कायद्याने चालेल. जीएसटी नंबर वेगळा असल्याने तोच बिल नंबर दोन्हीकडे असला तरी हरकत नाही. पण तुमचा डेटाबेस एकच आहे, आणि दोन्हीकडून माल घेणाऱ्या डीलरच्या वहीत दोन सारखे नंबर येतील. `PNJ` ठेवाच. कोड कायम मोठ्या अक्षरांत ठेवा. १ जून २०२५ पासून पोर्टल `pnj` आणि `PNJ` एकच धरतं.

कोल्हापूरसाठी एक पथ्य : त्या मालिकेचे नंबर त्याच एका मशीनने द्यायचे. नेट असताना पुण्याच्या सर्व्हरने आणि नसताना स्थानिक मशीनने, असं केलंत की दुहेरी नंबर ठरलेलेच. आणि ते मशीन बंद पडून कालचा बॅकअप चढवला, तर `last_no` कालच्या आकड्यावर जाईल. आज सकाळी छापलेली बिलं ग्राहकांच्या हातात आहेत, पण मशीनला ती माहीतच नाहीत. पुण्यातली `UNIQUE` अट ते चढवताना ओरडेल, पण तोवर कागद बाहेर गेलेला असेल. बॅकअप चढवला की जुनी मालिका तिथेच थांबवून मुख्य कार्यालयाकडून `KO2` उघडून घ्यायची. सकाळच्या बिलांच्या प्रती बघून ती `KOP` मध्ये हाताने नोंदवायची.

कळफलक : एक माझ्याकडून. वर्ष `2627` कोणत्या घड्याळावरून काढताय? आमच्या एका ग्राहकाची वार्षिक देखभाल कराराची बिलं १ एप्रिलला रात्री १२:०५ ला आपोआप निघायची. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या घड्याळावर होता, तिथे ३१ मार्चची संध्याकाळ होती. बिलावर तारीख १ एप्रिल आणि नंबर जुन्या वर्षाच्या मालिकेतला. वर्ष बिलाच्या तारखेवरून काढा, तीही `Asia/Kolkata` मधली. पहाटे साडेपाचपर्यंत हा धोका असतो.

पंपवाला : आमचीही देखभालीची बिलं त्याच रात्री निघतात. सॉफ्टवेअरवाल्याला आजच विचारतो. `NSK`, `PUN`, `KOP`, `PNJ` ठरलं. सीएंना नियम ४६ दाखवतो, तक्ता १३ त्यांना एका बटणावर मिळेल म्हणतो. तयार होतात का बघू.

जमाखर्च : तक्त्याबरोबर रद्द बिलांची यादी कारणासकट द्या. मी असतो तर तेच मागितलं असतं.