‘कोर्दियालमाँ’ला मराठीत काय म्हणाल?

मधुरा
दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. मूळ लेखिका केतकी, तिने फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत पीएचडी केली, तेव्हाच्या तिच्या नि मार्गदर्शकांच्या फ्रेंच ईमेल त्यात जशाच्या तशा आहेत. मी अडलेय ती ईमेलच्या शेवटच्या शब्दावर.

तिच्या पहिल्या ईमेलखाली ‘रेस्पेक्तुओझमाँ’ म्हणजे आदरपूर्वक, सरांच्या उत्तराखाली ‘कोर्दियालमाँ’. तीन महिन्यांनी सर ‘ब्यँ कोर्दियालमाँ’ लिहू लागतात, वर्षभराने ‘ब्यँनावू’. मग परिषदेसाठीचा सारांश पाठवायला ही दोन दिवस उशीर करते. दुसऱ्या दिवशी सरांची दोन ओळींची ईमेल येते आणि खाली नुसतं ‘कोर्दियालमाँ’. पुढचं वाक्य : ‘त्या दिवशी मी जेवले नाही.’

मी सगळीकडे ‘आपला’ घातलं होतं. संपादकबाई विचारतात, ‘अहो, पण ही का जेवली नाही?’

सदाशिव
‘हार्दिक’ लिहा, संपलं! कोर म्हणजे हृदय, आपलं हृद् तेच. कोर्दियाल म्हणजे शब्दशः हार्दिक. संस्कृतात सगळं आहे, आपण शोधत नाही एवढंच.

नरेंद्र, ग्रेनोब्ल
सदाशिवराव, व्युत्पत्ती बरोबर आहे, पण त्या शब्दातलं हृदय कधीच गेलं. चौकातल्या फ्लेक्सवरच्या ‘हार्दिक शुभेच्छां’मध्ये जेवढं उरलंय तेवढंच. इथे बँक कोर्दियालमाँ लिहिते, घरमालक लिहितो, भाडं थकल्याची नोटीससुद्धा त्यावरच संपते.

मधुरा, त्या शब्दाला स्वतःचं तापमान नाही, आधीच्या ईमेलमध्ये काय होतं त्यावरून ते ठरतं. ओळख नसताना कोर्दियालमाँ आलं तर ते साधं, सभ्य. ‘ब्यँ’ लागलं की माणूस अर्धं पाऊल पुढे आला. ब्यँनावू त्याच्याही पुढचं, ‘मी तुमचाच’ या अर्थाचं. पण काही जणांना ते वरून खाली बोलल्यासारखं वाटतं, म्हणून धाकट्याने आपणहून वापरू नये. या पायऱ्या कुणी मागे उतरला की समोरच्याला लगेच कळतं.

रेस्पेक्तुओझमाँ फक्त खालून वर जातं. सर ते तिला कधीच लिहिणार नाहीत. तिने पहिल्या ईमेलला लिहिलं ते योग्यच, कारण जुन्या वळणाच्या लोकांना अनोळखी वरिष्ठाला कोर्दियालमाँ लिहिणं आगाऊपणाचं वाटतं. त्यांच्या लेखी तो बरोबरीच्यांचा शब्द. पण सर ‘ब्यँ’वर आल्यानंतरही ती रेस्पेक्तुओझमाँलाच चिकटून राहिली असती, तर ते नम्रतेचं न वाटता अंतर राखल्यासारखं दिसलं असतं. वरिष्ठाने पायरी चढायची, आपण मागोमाग.

बटाटेवडा
एक मिनिट. ‘ब्यँ’ने अर्थ वाढतो कुठे, कमी होतो! ‘झ तेम’ म्हणजे प्रेम आहे, ‘झ तेम ब्यँ’ म्हणजे बरी वाटतेस. हे मला एकदा प्रत्यक्ष ऐकावं लागलंय, तपशील विचारू नका. तेव्हा सर आधी गार झाले होते, नंतर गरम.

नरेंद्र, ग्रेनोब्ल
बटाटेवडा, तुमच्या दुःखात सहभागी. पण तो प्रकार ‘एमे’ या क्रियापदाचा, तिथे ‘ब्यँ’ खरंच पाणी घालतं. इथे जोर वाढवतं.

प्रकाश, ठाणे
विषय निघालाच आहे तर माझंही सांगा. मुलीला फ्रान्समध्ये प्रवेश मिळालाय, वसतिगृहाच्या कार्यालयाला पत्र लिहायचंय. एजंट म्हणतो खाली कोर्दियालमाँऐवजी नुसतं Cdt लिहा, फ्रान्समध्ये सगळे लिहितात.

नरेंद्र, ग्रेनोब्ल
नका लिहू. सहकाऱ्याला घाईत चालतं, अर्जाखाली ते ‘पूर्ण शब्द लिहायला वेळ नव्हता’ असं दिसतं. शिवाय सैन्यात Cdt म्हणजे कमांडंट.

आबा कुलकर्णी
आम्ही रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलो तेव्हा ही एका शब्दाची कंजुषी नव्हती. ‘झ वू प्री दाग्रेए’ने सुरुवात करून मुक्कामाला पोचेपर्यंत पूर्ण ओळ. ‘व्हये आग्रेए’ने सुरुवात केली तर बाई थांबवायच्या : ते आज्ञार्थी आहे, वरिष्ठाला ‘कृपया स्वीकारा’ नाही, ‘स्वीकारावे अशी विनंती करतो’ म्हणायचं. आणि एकदा सरावपत्रात मी एका मुख्याध्यापिकेला ‘साँतिमाँ’ म्हणजे भावना पाठवल्या. त्या शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ काढून बाईंनी समासात लिहिलं, ‘पुरुषाने परस्त्रीला भावना पाठवू नयेत. सालुतासियाँ पाठवावेत.’ म्हणजे नमस्कार. वर्ग आठवडाभर हसत होता.

मधुराताई, मराठीत हे सगळं होतंच की. वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, धाकट्याला ‘अनेक आशीर्वाद’. ‘आपला विश्वासू’ हे साहेबाचं उष्टं आपण उगाच उचललं.

मधुरा
आबा, पण सर मायक्रोस्कोपच्या ईमेलमध्ये तिला ‘अनेक आशीर्वाद’ कसे देतील? वाचक म्हणेल सर कोकणातले.

मुक्ता
आबांच्या उदाहरणात एक गोष्ट दडलीये. आपली पायरी मायन्यात ठरते, पत्र उघडलं की लगेच. फ्रेंचांची आता शेवटी ठरते. मग गारवा वर न्या ना. आधीच्या ईमेलना ‘प्रिय केतकी’, त्या दिवशीच्या ईमेलला नुसतं ‘केतकी,’. मराठी वाचकाला पुढची ओळ वाचायच्या आत कळेल जेवण का गेलं नाही ते.

सदाशिव
हे भाषांतर नव्हे, डागडुजी आहे. लेखकाने शेवटी ठेवलेलं सुरुवातीला न्यायचा अधिकार कुणी दिला? ‘स्नेहपूर्वक’ आणि ‘सस्नेह’ आहेत, ‘सादर’ आहे. वापरा की.

मुक्ता
‘सस्नेह’वरून ‘सादर’वर आलं तर मराठी माणसाला मान वाढल्यासारखा वाटेल हो!

नरेंद्र, ग्रेनोब्ल
एक शंका. मधुरा, त्या शेवटच्या ईमेलला वर मायना काय आहे? आणि कोर्दियालमाँ सरांच्या नावाच्या लगेच वर आहे, की खाली पद, प्रयोगशाळा, फोन नंबर असा ठरलेला ठोकळा आहे? पुष्कळ जण तो शब्द स्वाक्षरीतच भरून ठेवतात. घाईत पाठवलं की हाताने लिहिलेलं ‘ब्यँ’ राहून जातं आणि ठोकळा तेवढा उमटतो. रागावलेला माणूस बहुधा मायनाही बदलतो : ‘शेर केतकी’ म्हणजे ‘प्रिय केतकी’चं नुसतं ‘बाँझूर’ होतं. मायना तसाच असेल तर सर रागावलेच नव्हते कदाचित.

मधुरा
आत्ता उघडून पाहिलं. वर ‘शेर केतकी’च आहे. आणि खाली ठोकळा, फोन नंबरसकट.

बटाटेवडा
म्हणजे बिचारी उगाच उपाशी राहिली!

मुक्ता
मग तर माझा उपाय बादच. मायना गार केला तर सरांच्या तोंडी नसलेला राग आपण घालू. तिला राग वाटला एवढंच खरं आहे.

मधुरा
हो ना. आणि हे लेखिकेला विचारायचं की नाही, तेही कळेना. लेखभर ती त्याच दिवसाबद्दल बोलतेय.

आबा कुलकर्णी
विचारू नका. छापा.

सदाशिव
मी अजूनही ‘हार्दिक’वर ठाम आहे. ठोकळ्यातलं हार्दिक, फ्लेक्ससारखं.

प्रकाश, ठाणे
माझं राहिलंच. कार्यालयात बाई आहेत की बुवा ते माहीत नाही. साँतिमाँचं वाचून आता भीती वाटते.

नरेंद्र, ग्रेनोब्ल
वर ‘मादाम, मस्यो’ दोन्ही लिहा. खाली ‘झ वू प्री दाग्रेए’च्या ओळीत तेच दोन शब्द, त्याच क्रमाने पुन्हा घ्या. आणि शेवटी सालुतासियाँ.