आशाताईच्या बोलण्यावर देखरेख कोणाची?

"कॉल सेंटरमधला भाचा आणि गावातली आशाताई, निबंधात दोघांचं काम भावनिक श्रम म्हणून एकाच मापात घालू का?"

नका घालू. भावनिक श्रमाची कल्पना मांडणाऱ्या समाजशास्त्रज्ञ हॉकशिल्डबाईंच्या (१९८३) तीन अटी आहेत: लोकांशी थेट किंवा आवाजातून संपर्क, समोरच्याच्या मनात ठरावीक भावना जागवणं आणि त्यावर मालकाचं नियंत्रण. भाच्याचे कॉल रेकॉर्ड होतात, बोलण्याला गुण मिळतात, म्हणजे तिसरी अट चोख बसते.

आमच्या यवतमाळकडे आशाताई रात्री कळा सुरू झालेल्या पोरीला धीर देते तेव्हा ऐकायला सुपरवायझर नसतो. देखरेख गावाची, एकदा तोंड सुटलं की सकाळी हापशीवर चर्चा. शिवाय मोबदला पोरीला दवाखान्यात नेल्याचा, धीर दिल्याचा रकाना फॉर्मात नाहीच. मी असतो तर निबंध तिसऱ्या अटीवरच उभा केला असता.