दीड-दोन टक्क्यांसाठी विकाविकी करायची का? १ एप्रिलचं रीबॅलन्सिंग आणि पट्ट्याचा वाद

भुसावळ_लोको
माझं टार्गेट ६० टक्के इंडेक्स फंड, ३० टक्के डेट फंड, १० टक्के गोल्ड ईटीएफ. दर १ एप्रिलला वजनं जागेवर आणायची असं ठरवलंय. यंदा २० लाखांत इक्विटी ६१.८, डेट २७.४ आणि सोनं १०.८ टक्के निघालं. म्हणजे ३६ हजारांची इक्विटी आणि १६ हजारांचं सोनं विकून ५२ हजार डेटमध्ये टाकायचे. दरमहा १५ हजारांची एसआयपी इंडेक्स फंडात चालू आहे. एवढ्याशासाठी विकावं की राहू द्यावं?

अमळनेरचे आबा
विका. तारीख ठरवली ना, मग त्या दिवशी काम उरकायचं. आज दीड टक्का सोडाल, पुढच्या वर्षी तीन सोडाल, मग बाजार चढत असला की हातच चालणार नाही. लोक टॅक्सचं भय दाखवतात. तुमच्या बाबतीत ते खोटं आहे. ३६ हजारांच्या जुन्या युनिटांत नफा फार तर दहा-पंधरा हजार असेल, आणि इक्विटीचा दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. खर्च जवळजवळ नाहीच. मग टाळायचं कशाला?

नंदुरबारकर
मला एक कळत नाही भाऊ. जो फंड चांगला चाललाय तो विकून मागे पडलेल्यात पैसा का घालता? मी तर उलट करतो. तीन वर्षांचा परतावा बघतो आणि जो मागे पडला तो काढून टाकतो.

भुसावळ_लोको
दादा, दोन इक्विटी फंडांतून एक निवडायचा प्रश्न नाहीये. इक्विटी, डेट आणि सोनं यांचं आपसातलं प्रमाण बिघडलंय, तेवढंच विचारतोय. डेट मागे पडला म्हणून काढून टाकला तर माझ्याकडे सगळी इक्विटीच उरेल.

पांझरा_ताई
विकू नका. आबांचं टॅक्सचं गणित इक्विटीपुरतं बरोबर आहे. फक्त सव्वा लाखाची ती सवलत सोन्याला लागू नाही. वर्षभरावर ठेवलेला गोल्ड ईटीएफ विकला तर पहिल्या रुपयापासून साडेबारा टक्के, आणि वर्षाच्या आतला असेल तर नफा तुमच्या स्लॅबमध्ये. पण टॅक्स बाजूला ठेवा. विकून मिळणार काय ते आधी बघा.

समजा उद्यापासून इक्विटी ३० टक्के पडली. तुम्ही ३६ हजार आधी काढून घेतले असते तर १०,८०० रुपये वाचले असते. २० लाखांवर हा अर्धा टक्का झाला. बाजार एखाद्या खराब दिवशी तुमचे याच्यापेक्षा जास्त नेतो. तेच वजन ६५ वर गेलं असतं तर जादाची इक्विटी एक लाखाची आणि त्याच पडझडीत फरक ३० हजारांचा. तिथे हात घालण्यात अर्थ आहे.

म्हणून तारीख ठेवाच, पण तारखेला पहिला प्रश्न 'किती विकू' हा नको. 'कोणी पट्ट्याबाहेर गेलंय का' हा हवा. पट्टा म्हणजे टार्गेटच्या खाली-वर वजन जिथवर फिरू द्यायचं ती हद्द. तुमच्यासाठी इक्विटी ५५ ते ६५, डेट २५ ते ३५, सोनं ७.५ ते १२.५. तिन्ही आत आहेत. फाइल बंद करा.

चोपडा_रोड
ताईंशी सहमत, पण सोन्याला अडीचच का? सरसकट पाच टक्के ठेवा, लक्षात राहायला सोपं. आणि विकण्यापेक्षा एसआयपी वळवा. ५२ हजारांची तूट आहे, १५ हजारांची एसआयपी. साडेतीन महिने डेटमध्ये टाका, काम झालं.

पांझरा_ताई
एसआयपी वळवायचं अगदी बरोबर सुचवलंत, तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. पण साडेतीन महिन्यांत तूट भरणार नाही. नवा पैसा आला की एकूण रक्कमही वाढते, आणि तिच्या ३० टक्क्यांचं टार्गेटही वर सरकतं. टाकलेल्या प्रत्येक रुपयातले ३० पैसे त्या वाढलेल्या टार्गेटमागेच जातात, तूट भरते फक्त ७० पैशांनी. म्हणून ५२ हजारांना ०.७० ने भागा, ७४ हजारांच्या थोडं वर येतं. म्हणजे पाच हप्ते.

पडताळून बघा. पाच हप्त्यांचे ७५ हजार डेटमध्ये गेले आणि भाव जागेवर राहिले, तर एकूण २०,७५,०००. डेट ६,२३,०००, म्हणजे ३० टक्के. इक्विटी आपोआप ५९.६ वर आणि सोनं १०.४ वर. एकही युनिट न विकता तिन्ही जवळपास जागेवर.

सोन्याचं म्हणाल, तर दहाला पाचचा पट्टा म्हणजे सोनं ५ पासून १५ पर्यंत फिरेल. निम्मं झालं किंवा दीडपट झालं तरी तुम्ही गप्प बसणार. इक्विटीला ६० वरून ६५ वर जायला साधारण २४ टक्के वाढ लागते, सोन्याला १० वरून १५ वर जायला जवळपास ५९ टक्के. दोघांना एकच पट्टा लावला की सोन्यावरचं लक्षच सुटतं. म्हणून टार्गेटचा चतुर्थांश काढायचा, आणि तो आणि सरसकट पाच यांतलं जे लहान असेल तेवढा पट्टा दोन्ही बाजूंना ठेवायचा. साठचा चतुर्थांश पंधरा, म्हणून तिथे पाच. दहाचा अडीच, म्हणून तिथे अडीच.

रावेर_बागायतदार
मग माझं सांगा. १२ लाखांचा पोर्टफोलिओ, हेच ६०-३०-१०. सोनं वाढत वाढत १,६८,००० झालं, म्हणजे १४ टक्के. आमच्याकडे सोनं विकलं म्हटलं की घरात लगेच विचारतात, काय अडचण आली? घरातले दागिने मी यात धरलेले नाहीत, ते विकायचे नाहीतच. केळीचा घड निघाला की एकदम पैसा येतो, तो बाकी दोघांत टाकून सोन्याचा टक्का खाली आणता येईल ना? ४८ हजारच जास्त आहे.

पांझरा_ताई
दागिने बाजूला ठेवलेत ते योग्य. जे कधी विकणारच नाही ते वजनात धरलं की उरलेल्याचं गणित चुकतं.

पण दादा, इथे नवा पैसा तेवढा कामाला येत नाही. तूट भरणं आणि वाढावा पातळ करणं यांत फार अंतर आहे. १,६८,००० हे दहा टक्के व्हायचे तर एकूण १६,८०,००० लागतील. म्हणजे ४८ हजारांचा वाढावा पातळ करायला ४,८०,००० रुपये नवे. नुसतं साडेबाराच्या काठावर आणायचं तरी १,४४,०००. घडाचे दीड लाख सुटे होणार असतील तर काठापर्यंत याल, त्यापुढे नाही. लहान वजनाची वस्तू फुगली की बहुधा विकावीच लागते.

अमळनेरचे आबा
विकायचंच तर पूर्ण दहावर आणा. काठावर सोडलं तर सोनं जरासं हललं की पुन्हा बाहेर. पुढच्या एप्रिलला तेच काम.

चोपडा_रोड
मला काठ पटतो. काठापर्यंत १८ हजारच विकावे लागतील. समजा निम्मा नफा आहे, तर ९ हजारांवर ११२५ रुपये टॅक्स. दहावर आणायला ४८ हजार विकले तर ३००० रुपये. जास्तीचे १८७५ आज का द्यायचे?

पांझरा_ताई
दर व्यवहाराला ठरावीक खर्च किंवा धावपळ असेल, तर आबांचं खरं. एकदाच मोठं काम केलेलं बरं. खर्च विकलेल्या रकमेच्या प्रमाणात असेल, जसा टॅक्स, तर जेवढ्यास तेवढं विकणं स्वस्त पडतं. आपल्याकडे मुख्य खर्च टॅक्सचाच, त्यामुळे मी काठाच्या बाजूने झुकते. प्रत्यक्षात मी काठ आणि टार्गेट यांच्या मधोमध थांबते, रावेरच्या दादांसाठी ते सव्वाअकरा टक्के होतील. याला शास्त्राचा शिक्का नाही, वर्षागणिक परत परत विकावं लागू नये एवढाच हेतू.

चोपडा_रोड
ठीक. पण पट्टा आहे तर तारीख कशाला? २०२० घ्या. १ जानेवारीला निफ्टी १२,१८० च्या आसपास होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, आणि २०२१ च्या १ जानेवारीला १४ हजारांवर. दर १ जानेवारीला बघणाऱ्याला इक्विटी दोन्ही वेळा साठीच्या जवळ दिसली असेल. मधली सगळी पडझड त्याच्या नजरेआड गेली. १ एप्रिलवाल्याला निफ्टी ८,२५० च्या आसपास मिळाला, इक्विटी पन्नाशीपर्यंत उतरलेली. त्याने स्वस्तात घेतलं. हे शहाणपण नव्हे, नशीब.

अमळनेरचे आबा
आणि रोज बघणाऱ्याने २३ मार्चला खरेदी केली असती असं तुम्हाला वाटतं? इक्विटी ५५ च्या खाली मार्चच्या मधल्या आठवड्यातच गेली असणार. तिथे घेतली असती आणि त्यानंतरही पडताना बघत बसला असता. धुळे-जळगावातले कितीतरी लोक त्या महिन्यात एसआयपी बंद करून बसले होते. तारीख माणसाला स्वतःपासून वाचवते. रोज एनएव्ही बघायला लावणारा कोणताही नियम मी कोणाला सांगणार नाही.

पांझरा_ताई
चोपड्याच्या दादांचा आक्षेप खरा आहे. वर्षाच्या तारखेत नशीब असतंच. म्हणून मी वर्षातून चारदा बघते आणि विकते मात्र पट्टा मोडला तरच. बहुतेक वेळा नुसतं बघून होतं, पाच मिनिटांचं काम. एप्रिलची एक सोय वेगळी आहे. मोठी विक्री असेल तर अर्धी ३१ मार्चच्या आत आणि अर्धी नव्या वर्षात करता येते, म्हणजे सव्वा लाखाची सवलत दोनदा मिळते. भुसावळच्या दादांना यंदा त्याची गरज नाही.

एक मात्र जपा. विकताना त्या फोलिओतली सगळ्यात जुनी युनिट आधी जातात, त्यामुळे जुन्या एसआयपीत अडचण नसते. पण फोलिओ नवा असेल तर वर्षाच्या आतल्या युनिटांवर वीस टक्के आणि काही फंडांत लवकर काढल्याबद्दल कापला जाणारा एक्झिट लोडही. बटण दाबण्याआधी युनिटांच्या तारखा बघा.

अमळनेरचे आबा
चारदा बघणं मला तरी जास्तच वाटतं. दोनदा, एप्रिल आणि दिवाळी. आणि पट्टा ठेवणार असाल तर तो आजच वहीत लिहा, आकड्यांसकट. आकडा समोर आल्यावर ठरवलेला पट्टा नेहमी सोयीचाच निघतो.

भुसावळ_लोको
लिहिला. ५५-६५, २५-३५, ७.५-१२.५. एसआयपी मे ते सप्टेंबर डेटमध्ये वळवतो. मधेच बाजार पडून डेट आधीच तिशीवर आला तर उरलेले हप्ते परत इंडेक्स फंडात लावायचे ना?

पांझरा_ताई
हो. प्रत्येक हप्त्याआधी तीन आकडे बघा आणि जो टार्गेटच्या सगळ्यात खाली असेल त्यात टाका. पाच हा आकडा भाव जागेवर राहतील असं धरून काढला होता.