मदत हवी आहे: 'वरीलप्रमाणे करून टाका' असा मेल आलाय, पण वर काहीच नाही

नवखी_खरेदीवाली
भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. सकाळी साहेबांचा मेल आला: "वरीलप्रमाणे करून टाका, आज गाडी निघायच्या आत." बस्स. वर कोरं, सोबत फाइलही नाही. साहेब दौऱ्यावर, फोन बंद. माझ्याकडे दोन कामं अडकलीत: बेअरिंगची ऑर्डर रद्द करायची की ठेवायची, आणि सीलची संख्या वाढवायची का. शेजारचे दादा म्हणतात, "बेअरिंगचंच असणार, कर रद्द." करू का?

तीनठिपके
मेलच्या तळाशी तीन ठिपके दिसतील, ते दाबा. जीमेल जुना मजकूर तिथे दडवतं. माझं नेहमी तिथेच सापडतं.

नवखी_खरेदीवाली
ठिपके नाहीतच हो.

सोसायटी_सचिव
आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोजचंच! नव्याने आलेल्या सभासदाला 'वरील नियम पाळावेत' एवढंच दिसतं. मी हल्ली नियम पुन्हा चिकटवतो.

मेलरूम
सचिवसाहेब, इथे मेलचं चाललंय.
ताई, संगणकावर मेल उघडा, उजवीकडच्या मेनूत `Show original` आहे. त्यात `In-Reply-To` ही ओळ शोधा. नसेल, तर साहेबांनी बहुधा कोरा मेल लिहिलाय आणि 'वरील' त्यांच्या डोक्यात किंवा दुसऱ्या ॲपवर आहे. असेल, तर त्यातला लांबलचक आयडी कोनी कंस काढून जीमेलच्या शोधात असा टाका:

```
rfc822msgid:इथे-तो-आयडी
```

नवखी_खरेदीवाली
ओळ आहे! पण शोधात काहीच येत नाही. @ च्या पुढे आमच्या बेअरिंगवाल्यांच्या कंपनीचं नाव दिसतंय.

तीनठिपके
मग झालं की, बेअरिंगच. करा रद्द.

मेलरूम
थांबा. एवढंच कळतं की साहेबांनी बेअरिंगवाल्यांच्या मेलला उत्तर देताना तुम्हाला जोडलं आणि खालचा मजकूर गळाला. तो मेल तुमच्याकडे आलेलाच नसावा किंवा पुसला गेला असेल, म्हणून शोधात दिसत नाही. त्यांनी काय मागितलं होतं? रद्द करायला होकार, की दर वाढवून तीच ऑर्डर? 'करून टाका' दोन्हीला लागू पडतं. आणि रद्द केलेली ऑर्डर त्याच दराने परत मिळेलच असं नाही, गाडी मात्र दोन तास थांबवता येते.
साहेबांना नुसतं "काय करू?" विचारू नका, गाडीत बसल्याबसल्या एका अक्षरात उत्तर देता येईल असं लिहा: "तुमच्या मेलमध्ये वरचा मजकूर आला नाही. अ) बेअरिंग ऑर्डर रद्द, ब) नव्या दराने चालू, क) वेगळंच काही. उत्तर येईपर्यंत काहीच बदलत नाही." तोवर बेअरिंगवाल्यांकडून त्यांचा मूळ मेल मागवून घ्या.

नवखी_खरेदीवाली
दोन्हीकडे पाठवलंय. बेअरिंगवाले म्हणतात, मेल पाठवणारा माणूस जेवायला गेलाय. दादा अजून "रद्दच" म्हणतायत. गाडी गेटवर उभी आहे.