फोटोवरून नऊवारीला गुण देणाऱ्यांनो, मागून एकदा बघितलंत का?

झिम्माप्रेमी (मूळ पोस्ट):
आमच्या सोसायटीची नऊवारी स्पर्धा छान झाली. प्रत्येकीकडून व्हॉट्सॲपवर एक फोटो मागवला. निऱ्यांचा नीटनेटकेपणा, लांबी आणि हालचालीची मोकळीक, प्रत्येकी दहा गुण. फोटो चांगला असला की सगळं कळतं. शिवलेली की नेसलेली हा वाद मला तरी फालतू वाटतो. हरलेल्यांनी रडू नये.

काठपदर:
मी स्पर्धेत नव्हते, त्यामुळे रडण्याचा प्रश्न नाही. पण गेली बावीस वर्षं दुसऱ्यांना लुगडी नेसवतेय आणि ही पोस्ट वाचून हातातला चहा गार झाला.

तुम्ही टाकलेला पहिल्या नंबरचा फोटो मोठा करून पाहिला. निऱ्या ओच्यापासून थेट घोट्यापर्यंत पट्टीने आखल्यासारख्या. नेसलेल्या नऊवारीत असं होत नाही हो! निऱ्यांचा मधला काठ दोन पायांमधून मागे घेऊन कासोटा खोचला की त्या खालच्या अंगाला आत वळतात, थोड्या उघडतात. वर नीट आणि खाली जरा सैल ही खरी खूण. वर-खाली सारख्याच असतील तर एक तर शिवलेली आहे, नाही तर गुडघ्याखाली आतून पिना मारल्या आहेत. अशा पिना मारलेली बाई फोटोत देवीसारखी उभी राहते आणि फुगडीला बोलावलं की 'पाय दुखतोय' म्हणते. म्हणजे तुमच्या पहिल्या निकषात दहा मिळाले, तेच तिसऱ्यात वजा व्हायला हवे होते.

आणि मोकळीक समोरच्या फोटोत दिसतच नाही. ती कासोट्यात असते, कासोटा मागे असतो. मागचा एक फोटो हवा, एक पाऊल पुढे टाकलेला हवा, आणि मांडी घालून बसलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. समोरून फार तर एवढं कळतं: जांघेपासून कमरेकडे पंख्यासारख्या ताणाच्या सुरकुत्या गेल्या असतील तर कासोटा घट्ट आहे. पाय जुळवून उभं राहून खोचला की हे हमखास होतं. पावलांत हातभर अंतर ठेवून, थोडं वाकून खोचायचा असतो. उलट मागे झोळ लोंबत असेल तर सैल. तो दहा मिनिटांत सुटतो.

झिम्माप्रेमी:
म्हणजे आम्ही परीक्षकांनी मागे जाऊन बघत बसायचं? बायकांना ते आवडेल का, याचा विचार करा.

काठपदर:
फोटो मैत्रिणीने काढायचा आहे, पोलिसाने नाही.

भाच्याची_मामी:
माझ्या मते निऱ्या मोजल्या की काम झालं. जास्त निऱ्या म्हणजे हात चांगला. माझ्या सासूबाई अकरा घालायच्या, आमच्या पिढीला सात जमत नाहीत.

काठपदर:
कमरेचा घेर कमी असेल तर कापड जास्त उरतं, निऱ्या वाढतात. शिवाय निरी चार बोटांची की सहा बोटांची, यावरही आकडा बदलतो. सासूबाई बारीक असणार. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही, पण आकड्याने हात सिद्ध होत नाही. निऱ्या एकसारख्या रुंदीच्या आहेत का आणि खालचे काठ एका रेषेत पडतात का, एवढं बघा.

भाच्याची_मामी:
बारीक होत्या, हे खरं. तरी सात म्हणजे सातच.

उंच_मुलीची_आई:
विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. मुलगी पाच फूट नऊ इंच, लग्नासाठी पैठणी घेतली, नेसवली तर घोट्याच्या बरीच वर. दुकानदार म्हणतो दहा वार घ्या. तिचा फोटो इथे टाकला तर लांबी चुकली म्हणणार का सगळे?

काठपदर:
दहा वार घेऊ नका! वार वाढले की घेर आणि पदर वाढतो, पायाकडची लांबी नाही. ती पन्ह्यावर असते. कमरेत खोचलं जाणारं जेवढं अंग, तेवढ्यालाच वरच्या काठाला त्याच रंगाची वीतभर पट्टी जोडा. ती आत जाते, पदरावर येत नाही. लुगड्याचा काठ घोट्याच्या दोन बोटं वर राहिला तर चूक नाहीच. चालताना टाचेखाली येत नाही.
फोटोत मात्र जपा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून काढलेल्या आणि डोक्यावरून काढलेल्या फोटोत लांबी एकसारखी दिसत नाही. कमरेच्या उंचीवरून, पाच-सहा पावलं मागे जाऊन, चप्पल दिसेल असा काढा. उंच टाचा लपवून लांबी दाखवणारे फोटो मी रोज बघते.

डोंबिवलीकर_अवी:
बायकांच्या वादात पडत नाही, पण पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसणाऱ्या बहुतेक मुली शिवलेलीच घालतात. गाडीवर नेसलेली सुटली तर? सुरक्षितता नको का? परंपरेच्या नावाने किती छळणार?

गच्चीवरची_काकू:
अवी, माझी आजी त्याच नऊवारीत विहिरीत उतरून गाळ काढायची. सुटली नाही. सुटते ती यूट्यूब बघून नेसलेली.

डोंबिवलीकर_अवी:
आजीच्या विहिरीवरून नातीला गुण द्यायचे का?

गच्चीवरची_काकू:
आणि चेनवाल्या घागऱ्याला नऊवारी म्हणायचं का?

झिम्माप्रेमी:
घागरा?? माझ्या मुलीचा हात वर जात नाही, खांद्याचं ऑपरेशन झालंय. तिने शिवलेली घातली. तिला घागरेवाली म्हणताय. जरा लाज?

गच्चीवरची_काकू:
तुमच्या मुलीबद्दल कोण बोललं?

झिम्माप्रेमी:
पहिला नंबर तिचाच आहे.

नेसवणारी_२:
अरे बापरे. 😶
मी शिवलेल्याही विकते आणि नेसवतेही, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खाते. चांगली शिवलेली, कासोट्याला पुरेसं कापड सोडलेली, खूप मोकळी असते. वाईट नेसलेलीपेक्षा तर नक्कीच. पण ती शिंप्याची मोकळीक आहे. 'ड्रेपिंग'च्या स्पर्धेत ती उतरवायची तर गुण शिंप्याला द्यावे लागतील. आणि ताई, लेकीच्या स्पर्धेत आई परीक्षक?

झिम्माप्रेमी:
तिघींपैकी एक होते. बाकी दोघींनीही दहाच दिले.

काठपदर:
ऑपरेशनचं ठाऊक नव्हतं. मुलीबद्दल जे लागलं असेल त्याबद्दल माफ करा, तिने जमेल ते घातलं, शाबास. पण निऱ्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेत नाही. शिवलेलीचा वेगळा गट ठेवला असता तर तीच पहिली आली असती आणि कुणी तोंड उघडलं नसतं.

झिम्माप्रेमी:
पुढच्या वर्षी तुम्हीच या परीक्षक म्हणून. मानधन नाही, फक्त मसालेभात.

काठपदर:
येईन. मागचा फोटो मागवणार असाल तरच.

भाच्याची_मामी:
आणि निऱ्या मोजणार असाल तर मीही येते.