रोजची एन्ट्री आणि महिन्याचा रिपोर्ट: टीमला बोलले, पण चूक नक्की कोणाची?

सातवा_मजला

सोमवारी सकाळी टीमला उभ्याउभ्या दहा मिनिटं बोलले. रोजची नोंद त्याच दिवशी भरा, नाहीतर महिन्याचा रिपोर्ट खोटा निघतो. एकाने तोंडावर सांगितलं, "रिपोर्ट तुमचा, तो सुधारणंही तुमचंच काम." त्याचं बरोबर की माझं? बोलले ते आठवेल तसं देते:

"आपण सहा जण तक्रारी मिटवायला ग्राहकांकडे फिरतो. प्रत्येकाचे दिवसाला साधारण ४ कॉल पूर्ण होतात. तक्रार आली की दुसऱ्या दिवशी मिटते, म्हणजे एक दिवस. गेल्या महिन्याच्या रिपोर्टात मात्र सरासरी दीड दिवस आली. मी एकेकाचं वेगळं काढून पाहिलं. पाच जणांचा एकेक दिवस, आणि एकाचे चार. तो काही कामचुकार नाही, उलट ग्राहक नाव घेऊन त्यालाच पाठवा म्हणतात. तो आठवडाभराचे २० कॉल डायरीत लिहितो आणि शनिवारी एकदम भरतो. आणि आपली सिस्टम 'पूर्ण' दाबलं की त्या दिवसाची तारीख टाकते. सोमवारचं काम पाच दिवस उशिरा दिसतं, मंगळवारचं चार, असं करत शुक्रवारचं एक. सरासरी तीन. मूळचा एक धरून चार.

"त्यात महिना संपला बुधवारी. त्या आठवड्यातले सोमवार ते बुधवारचे १२ कॉल पुढच्या महिन्यात गेले आणि इथे पेंडिंग दिसले. उशिराबद्दल माफी मागायला मी त्यातल्या एका नंबरला फोन केला. बाई म्हणाल्या, 'अहो, तुमचा माणूस सोमवारीच येऊन गेला की!' काय बोलावं ते सुचेना.

"महिनाअखेरीला मी हे पकडू शकत नाही, कारण चुकलेलं काही दिसतच नाही. रकाना रिकामा नाही, तारीख उलटी नाही, शनिवार हा काही चुकीचा वार नाही."

पाना_पक्कड

मी फिरणाराच आहे, त्यामुळे एकांगी वाटलं तर वाटू दे. शेवटचा कॉल संपतो तेव्हा तळघरात रेंज नसते, मोबाईल मरायला टेकलेला असतो आणि फॉर्मला १४ रकाने. त्यातले चार कशासाठी आहेत ते मला कळतं. बाकीचे कोण वाचतं हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

ताई, हिशेब चोख मांडलात. पण त्यातून निघतं काय? तुमची सिस्टम काम कधी झालं हे विचारतच नाही. एन्ट्रीची तारीख उचलते आणि कामाची म्हणून दाखवते. खोटं ती बोलली आणि रांगेत उभं आम्हाला केलंत. त्या माणसाच्या डायरीत खरी तारीख होती!

क्वेरीवाला

दोघांनीही फार मनाला लावून घेतलंय. भाषणाने डेटा सुधारत नाही, फॉर्म सुधारावा लागतो. सगळे रकाने सक्तीचे करा, २४ तासांनंतर कॉल लॉक करा, चुकीचा आकडा घेऊच नका. उरलेला कचरा महिनाअखेरीला एका क्वेरीत साफ होतो. मी दर महिन्याला तेच करतो, अर्ध्या तासाचं काम.

दहा_बोटं

टायपिंगचा सराव करून घ्या असं सुचवेन. आमच्याकडे वेग वाढला तसा बॅकलॉग गेला. अंक उजवीकडच्या नंबर पॅडवर न बघता मारता आले पाहिजेत.

सातवा_मजला

@दहा_बोटं, धन्यवाद, पण इथे टायपिंगचा प्रश्न नाहीये. त्या माणसाने पटापट भरलेलंच आहे, फक्त पाच दिवसांनी.

रोजकीर्द

माझी हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. आमच्याकडे आधी रोजचे व्यवहार रोजकीर्दीत, मग तेच खात्यांनुसार खतावणीत. खतावणीत चूक निघाली तर रोजकीर्द उघडून जुळवता येते. रोजकीर्दच आठवड्याने आठवून लिहिलेली असेल तर मागे जायला जागाच उरत नाही. त्यामुळे ताईंचं मूळ म्हणणं मला मान्य आहे.

पण क्वेरीवाल्यांचा सक्तीचा रकाना मी जवळून पाहिलाय. आमच्याकडे 'कामाला लागलेली मिनिटं' हा रकाना सक्तीचा केला. आधी ज्यांना ठाऊक नसे ते रिकामा सोडत. नंतर ते 0 टाकायला लागले. आता १० कॉल घ्या. आठांना ४० मिनिटं लागली, दोघांचं माहीत नाही. ते दोन रिकामे असतील तर खालचं सूत्र त्यांना मोजतच नाही आणि उत्तर ४० येतं. त्यांत शून्य असेल तर तेच सूत्र ३२ देतं.

```
=AVERAGE(D2:D11)
```

म्हणजे सक्ती केल्यावर रिपोर्ट पूर्ण भरलेला दिसला आणि जास्त चुकला. पूर्वी निदान भोक दिसत होतं, आता त्यावर रंग मारला. यादीतून निवडायचा रकाना असेल तर तिथेही तेच, पहिलाच पर्याय भराभर निवडला जातो. 'माहीत नाही' असं प्रामाणिकपणे लिहायची सोय ठेवून मग सक्ती केली तर चालेल.

क्वेरीवाला

शून्य काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? ० पेक्षा मोठे तेवढेच घ्यायचे. झालं.

रोजकीर्द

मिनिटांच्या बाबतीत हो, कारण शून्य मिनिटांत काम होत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण 'बदललेले सुटे भाग' या रकान्यात ० हे खरं उत्तर असू शकतं. तिथे खरा शून्य आणि कंटाळ्याचा शून्य कसा वेगळा काढणार? ते फक्त भरणाऱ्याला त्या क्षणी ठाऊक असतं.

२४ तासांच्या लॉकबद्दलही शंका आहे. शनिवारी भरणारा माणूस लॉक पाहून काय करेल? फोन करून उघडून मागेल, नाहीतर तोच कॉल नवा म्हणून चढवेल. मग एका कामाच्या दोन नोंदी.

थंड_पेटी

माझं क्षेत्र वेगळं आहे, तरी लिहिते. लशींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं काम होतं. २ ते ८ अंशांत हवं. एका महिन्याचा तक्ता हातात आला. सगळीकडे ४, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. सुट्टीच्या दिवशी दाराला कुलूप होतं, तरी दोन्ही वेळचे ४. आणि महिना ३० दिवसांचा असून ३१ चीही ओळ भरलेली!

वाईट याचं वाटतं की फ्रिज बहुधा ठीकच असेल. पण तो तक्ता पाहून कोणीच खात्रीने काही सांगू शकलं नसतं. भरणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "रिकामं दिसलं की ओरडा बसतो, चार लिहिलं की कोणी विचारत नाही."

पाना_पक्कड

@थंड_पेटी, हेच तर म्हणतोय. ओरडा कशावर बसतो त्यावर माणूस काय भरणार ते ठरतं. आमच्याकडे खरं भरणाऱ्याचे आकडे वाईट दिसतात आणि हुशारीने भरणाऱ्याचे गोंडस.

@रोजकीर्द काका, मग साचवून भरलंय हे ओळखायचं तरी कसं? ताईंना सरासरी वाढल्यावर कळलं. त्याचा फरक अर्ध्या दिवसाचा असता तर कळलंही नसतं.

रोजकीर्द

रिपोर्ट बाजूला ठेवायचा आणि नोंदी वारानुसार मोजायच्या. रोज ४ कॉल करणाऱ्याचे सोमवार ते शुक्रवार शून्य आणि शनिवारी २० असतील तर आणखी पुराव्याची गरज नाही. सिस्टम एन्ट्रीची वेळ ठेवत असेल तर तीही पाहा. २० नोंदी अर्ध्या तासात चढल्या असतील तर त्या जागेवरून भरलेल्या नाहीत. तिसरी खूण मिनिटांच्या रकान्यात मिळते. आठवून भरणारा ३० किंवा ६० लिहितो, ४३ सहसा लिहीत नाही. एका माणसाच्या सगळ्या नोंदी शून्यावरच संपत असतील तर तिथे अंदाज चाललाय. पण गोल आकडा म्हणजे लबाडी असं कोणी धरू नका. काहींना गोल करूनच सांगायची सवय असते.

उपाय मात्र पाना_पक्कड म्हणतात तिकडेच जातो. तारखांचे रकाने दोन हवेत. काम झाल्याची तारीख माणसाने भरायची, एन्ट्रीची सिस्टमने आपोआप टाकायची आणि ती कोणाला बदलता येता कामा नये. रिपोर्ट कामाच्या तारखेवरून काढायचा. दोन्हींतलं अंतर वेगळं पाहायचं, म्हणजे कोण साचवतंय ते महिनाअखेरीची वाट न पाहता दिसेल.

क्वेरीवाला

मागची तारीख भरायची मुभा दिली की सगळे दुसऱ्याच दिवशी काम झालं म्हणून दाखवतील. सरासरी कायमची एक दिवस. लॉक बरा.

रोजकीर्द

ही भीती खोटी नाही. दर महिन्याला १०-१५ ग्राहकांना फोन करून कामाची तारीख विचारावी लागेल. ताईंनी चुकून तेच केलं! पण लॉक लावला तरी माणूस काम न करता वेळेत 'पूर्ण' दाबू शकतो, त्यामुळे फोन त्यालाही चुकत नाहीत.

पाना_पक्कड

दोन रकाने आले तर माझे १४ चे १५ होणार. आधी न वाचले जाणारे काढा, मग वाढवा.

सातवा_मजला

सगळं वाचलं. काल वारानुसार मोजून पाहिलं. त्याच्या त्या शनिवारच्या २० नोंदी ४ वाजून १० मिनिटांपासून ४ वाजून ३५ मिनिटांपर्यंतच्या आहेत. मिनिटांच्या रकान्यात १३ वेळा ३० आणि ७ वेळा ६०. त्याला डायरी आणायला सांगितली. तारखा आहेत, वेळ एकाही कॉलची नाही. म्हणजे दिवसांची सरासरी आम्ही दुरुस्त करू शकतो, मिनिटांची नाही. तो रकाना त्या महिन्यापुरता रिपोर्टातून काढून टाकते.

आणखी एक सापडलं, ते कबूल करायला हवं. दुसरे दोघेही साचवतात, फक्त दोन दिवसांचंच. तुलनेने ते मला 'ठीक' दिसत होते. मी सोमवारी पाचांचा एकेक दिवस म्हणाले ते पूर्णांकात गोल केलेले आकडे पाहून. मलाही नीट वाचायला हवं होतं.

दुसरा तारखेचा रकाना मागितला आहे. तो येईपर्यंत शेऱ्यात कामाची तारीख लिहायची असं ठरलंय. १४ रकान्यांची यादी घेऊन बसले, तर पाच रकाने कुठल्याच रिपोर्टात जात नाहीत असं निघालं.

क्वेरीवाला

गेलेला रिपोर्ट मात्र परत पाठवू नका. दोन आकडे फिरले की लोक दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत.

रोजकीर्द

मी पाठवला असता. जुना खोडायचा नाही, शेजारी नवा आणि बदलाचं कारण एका ओळीत. पुढच्या महिन्यात ते १२ कॉल पुन्हा कुठून आले हे कोणीतरी विचारणारच आहे.

सातवा_मजला

यावर अजून ठरत नाहीये. आज जाताना तो माणूस टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आधीच्या महिन्यांतही मी शनिवारीच भरत होतो. त्या रिपोर्टांवर माझं मूल्यमापन झालंय. त्याचं काय?" उद्या सांगते म्हणाले आहे.